नळीतला बोल्ट आणि नटाचा पाव फेरा : प्रतिबल कुठे किती?

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात एक गणित फिरून फिरून येतं. पितळी नळीतून पोलादी बोल्ट घातला आहे, दोन्ही टोकांना वॉशर आहेत, नट हाताने बसवला आहे. मग पान्याने नट पाव फेरा आवळला. तर बोल्टमध्ये प्रतिबल किती आणि नळीत किती?

दिसायला सोपं गणित. पण दर वर्षी उत्तरपत्रिका तपासताना माझ्यासमोर तेच एक चुकीचं उत्तर येतं, आणि ते लिहिणारी मुलं बहुतेक वेळा हुशार असतात. म्हणून आज हे गणित घाई न करता करू. शेवटी ते चुकीचं उत्तरही परत घेऊ, कारण ते अगदीच वाया गेलेलं नाही.

आपलं गणित

आकडे ठरवून घेऊ. बोल्ट पोलादी, व्यास २० मिमी. नळी पितळी, आतला व्यास २४ मिमी आणि बाहेरचा ३६ मिमी. नळीची लांबी ४०० मिमी. बोल्टच्या आट्यांचा पिच २.५ मिमी, म्हणजे नट एक पूर्ण फेरा फिरला की आट्यांवरून २.५ मिमी पुढे सरकतो. यंगचा गुणांक पोलादासाठी २,००,००० न्यू/मिमी² आणि पितळेसाठी १,००,००० न्यू/मिमी² धरू. वॉशर जाड आहेत, ते वाकत नाहीत असं मानू. जाड वॉशर मुद्दाम घेतले आहेत. २० मिमीच्या बोल्टचा नट समोरासमोरच्या बाजूंत ३० मिमी असतो आणि नळी बाहेरून ३६ मिमी आहे. मध्ये चांगला वॉशर नसेल तर नट नळीच्या फक्त आतल्या कडेवर दाबत राहील आणि आपलं गणित तिथेच बिघडेल.

पाव फेरा म्हणजे नट २.५ ÷ ४ = ०.६२५ मिमी पुढे गेला. पाव फेरा मोजायचा तो नट, वॉशर, नळी आणि बोल्टचं डोकं सगळं एकमेकांना टेकल्यानंतर. त्या क्षणी बोल्टमध्येही प्रतिबल शून्य आणि नळीतही शून्य. "नट हातघट्ट बसवला" या शब्दांचा गणितातला अर्थ एवढाच.

आत नेमकं काय होतं

गवताची पेंढी बांधताना पाहिली असेल. दोरी आवळली की दोरी ताणली जाते आणि पेंढी दबते. दोरी ज्या जोराने पेंढीला आवळते, त्याच जोराने पेंढी दोरीला बाहेर ढकलते. बाहेरून कोणी काही ओढत नाही, तरी दोघींत बल आहे. आपल्या जोडणीत दोरीच्या जागी बोल्ट आणि पेंढीच्या जागी नळी.

नट पुढे सरकू लागतो, पण समोर नळी उभी आहे. मग त्याला जागा कुठून मिळते? थोडी जागा नळी दबून देते, आणि थोडी बोल्ट स्वतः लांबून देतो. कोण किती देणार हेच आपल्याला शोधायचं आहे. त्यासाठी दोन समीकरणं लागतात: एक बलांचं, एक लांबीचं.

पहिलं समीकरण : बलांचं

नळी आणि बोल्ट मधोमध आडवे कापले आहेत अशी कल्पना करा, आणि एका बाजूचा तुकडा बघा. त्या तुकड्यावर बाहेरचं कुठलंच बल नाही. कापलेल्या जागी बोल्ट एका दिशेने ओढतो, नळी दुसऱ्या दिशेने ढकलते. तुकडा स्थिर आहे, म्हणजे ही दोन बलं सारखी असलीच पाहिजेत.

बोल्टचं प्रतिबल σ₁ (ताणाचं), नळीचं σ₂ (दाबाचं) म्हणू. क्षेत्रफळं काढू.

A₁ = (π/४) × २०² = ३१४.२ मिमी²

A₂ = (π/४) × (३६² − २४²) = ५६५.५ मिमी²

म्हणून σ₁ × ३१४.२ = σ₂ × ५६५.५, म्हणजेच

σ₁ = १.८ σ₂

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बलं सारखी आहेत, प्रतिबलं सारखी नाहीत. "दोघं एकमेकांवर दाबतात, मग स्ट्रेस सारखाच ना?" असं वर्गात कोणीतरी हमखास विचारतं. नाही. बोल्टचं क्षेत्रफळ कमी, म्हणून तेच बल त्याला १.८ पट जास्त जाणवतं.

दुसरं समीकरण : लांबीचं

आता खरी गंमत इथे आहे. बोल्ट x मिमी लांबला आणि नळी y मिमी दबली असं समजा.

डोकं आणि नट यांच्यामधलं अंतर दोन बाजूंनी मोजू. नळीच्या बाजूने मोजलं तर ते ४०० − y आहे, कारण नळी दोघांमध्ये घट्ट अडकलेली आहे आणि y ने आखूड झाली आहे.

बोल्टच्या बाजूने मोजलं तर? सुरुवातीला नटापर्यंतची बोल्टची लांबी ४०० होती. नट आट्यांवरून ०.६२५ मिमी डोक्याकडे सरकला, म्हणून ती ४०० − ०.६२५ झाली. पण बोल्ट ताणला जाऊन x ने लांबला, म्हणून ती ४०० − ०.६२५ + x.

दोन्ही मापं एकाच अंतराची आहेत. म्हणून

४०० − ०.६२५ + x = ४०० − y

x + y = ०.६२५

शब्दांत सांगायचं तर, बोल्टचं लांबणं आणि नळीचं दबणं यांची बेरीज म्हणजे नटाचं सरकणं. बेरीज, वजाबाकी नाही. एक लांबतो आणि एक आखूड होतो म्हणून पुष्कळजण x − y लिहितात. चिन्हाबद्दल शंका आली की वरची "दोन बाजूंनी मोजणी" करून बघा, पाठ करायची गरज राहत नाही.

आता सोडवू

लांबीतला बदल म्हणजे प्रतिबल × लांबी ÷ यंगचा गुणांक. तेव्हा

(σ₁ × ४००) ÷ २,००,००० + (σ₂ × ४००) ÷ १,००,००० = ०.६२५

σ₁ च्या जागी १.८ σ₂ घालू.

०.००३६ σ₂ + ०.००४ σ₂ = ०.६२५

σ₂ = ०.६२५ ÷ ०.००७६ = ८२.२ न्यू/मिमी² (नळीत, दाबाचं)

σ₁ = १.८ × ८२.२ = १४८ न्यू/मिमी² (बोल्टमध्ये, ताणाचं)

उत्तर लिहून मोकळं होऊ नका, ताळा करा. बोल्टचं लांबणं १४८ × ४०० ÷ २,००,००० = ०.२९६ मिमी. नळीचं दबणं ८२.२ × ४०० ÷ १,००,००० = ०.३२९ मिमी. बेरीज ०.६२५. जमलं. बल किती? १४८ × ३१४.२, म्हणजे सुमारे ४६.५ किलोन्यूटन. आपल्या नेहमीच्या भाषेत पावणेपाच टनाच्या आसपास. फक्त पाव फेऱ्यात एवढं!

ते नेहमीचं चुकीचं उत्तर

आता ते उत्तर बघू. मुलं लिहितात : नट ०.६२५ मिमी सरकला, म्हणजे बोल्ट ०.६२५ मिमी लांबला. विकृती ०.६२५ ÷ ४००. प्रतिबल = २,००,००० × ०.६२५ ÷ ४०० = ३१२.५ न्यू/मिमी².

खरं उत्तर १४८, हे ३१२.५. दुपटीहून जास्त. चूक कुठे झाली? नळी मुळीच दबत नाही असं न सांगता गृहीत धरलं गेलं. नळी अगदी कडक, न दबणारी असती तर हे उत्तर बरोबर ठरलं असतं. आपल्या जोडणीत मात्र सरकण्याचा निम्म्याहून जास्त भाग, ०.३२९ मिमी, नळीनेच सोसला आहे.

हे पटायला एक प्रयोग कागदावर करा. सगळं तसंच ठेवून पितळी नळीऐवजी त्याच मापाची पोलादी नळी घ्या. तेव्हा σ₁ = १.८ σ₂ हे समीकरण बदलत नाही, फक्त दुसऱ्यात दोन्हीकडे २,००,००० येतं. नळीत १११.६ आणि बोल्टमध्ये २००.९ येतं. नट तेवढाच फिरवला, बोल्टला हातही लावला नाही, तरी बोल्टचं प्रतिबल १४८ वरून २०१ वर गेलं. बोल्टचं प्रतिबल फक्त बोल्टवर ठरत नाही, तो ज्याला आवळतो त्याच्या कडकपणावरही ठरतं.

पुढचा प्रश्न : बाहेरून ओढलं तर?

परीक्षेत पुढचा भाग असा असतो : "आवळलेल्या या जोडणीला दोन्ही टोकांना ३० किलोन्यूटनने बाहेर ओढलं, तर अंतिम प्रतिबलं काढा." म्हणजे बोल्टचं डोकं आणि नटाकडचं टोक एकमेकांपासून दूर ओढली जातात.

इथे मनात पहिलं येतं ते असं : ३०,००० ÷ ३१४.२ = ९५.५. ते आधीच्या १४८ मध्ये मिळवू, झाले २४३.५. हेही चूक, कारण पुन्हा नळीला विसरलो.

नळी दबलेली आहे, तिला मोकळं व्हायचं आहे. बोल्ट आणखी लांबला की नळी तेवढीच फुलते. वॉशर नळीला टेकून आहे तोपर्यंत दोघांच्या लांबीत सारखाच बदल होतो. आता समीकरण वेगळं आहे हे बघा. आवळताना बेरीज ०.६२५ होती, ओढताना दोघांचा बदल समान आहे.

हा समान बदल d म्हणू. बोल्ट १ मिमी लांबवायला ३१४.२ × २,००,००० ÷ ४०० = सुमारे १,५७,१०० न्यूटन लागतात. नळीसाठी ५६५.५ × १,००,००० ÷ ४०० = सुमारे १,४१,४०० न्यूटन. दोघांना मिळून १ मिमीला सुमारे २,९८,५०० न्यूटन. म्हणून

d = ३०,००० ÷ २,९८,५०० = ०.१००५ मिमी

बोल्टमध्ये वाढ : ०.१००५ × २,००,००० ÷ ४०० = ५०.३. नळीत घट : ०.१००५ × १,००,००० ÷ ४०० = २५.१. तर शेवटी

बोल्ट : १४८ + ५०.३ = १९८.३ न्यू/मिमी² (ताण)

नळी : ८२.२ − २५.१ = ५७.१ न्यू/मिमी² (दाब)

ताळा बलांचा. बोल्टमध्ये ६२.३ किलोन्यूटन, नळीत ३२.३ किलोन्यूटन, फरक ३०. बाहेरच्या ओढीएवढा. बरोबर.

म्हणजे ३० पैकी साधारण १५.८ किलोन्यूटन बोल्टला आले, आणि उरलेले १४.२ नळीचा दाब कमी होण्यात गेले. मशीनचे बोल्ट आधी चांगले आवळून ठेवतात त्याचं कारण यात आहे. काम करताना ओढ कमीजास्त होत राहते, आणि घट्ट जोडणीत बोल्टच्या वाट्याला त्या चढउताराचा फक्त काही भाग येतो. सैल जोडणीत सगळाच्या सगळा येतो.

३१२.५ परत आलं!

आता ओढ वाढवत नेऊ. नळीचा दाब कमी कमी होत एका क्षणी शून्य होईल. त्यापुढे वॉशर नळीपासून सुटेल आणि सगळी ओढ एकट्या बोल्टवर पडेल. ही वेळ कधी येते?

नळी ०.३२९ मिमी दबली होती, तेवढी ती परत मोकळी झाली की. म्हणजे d = ०.३२९, आणि ओढ = ०.३२९ × २,९८,५०० = सुमारे ९८.२ किलोन्यूटन. त्या क्षणी बोल्ट किती लांबलेला असेल? आवळताना ०.२९६ आणि ओढताना ०.३२९, एकूण ०.६२५ मिमी. मग त्याचं प्रतिबल २,००,००० × ०.६२५ ÷ ४०० = ३१२.५ न्यू/मिमी².

ओळखीचा आकडा! नळी पूर्ण मोकळी झाली की नटाचं सगळं सरकणं बोल्टला एकट्यालाच द्यावं लागतं. म्हणजे मुलांचं ते उत्तर एका दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे : जोडणी सुटण्याच्या क्षणी बोल्टमध्ये प्रतिबल किती? प्रश्न "आवळल्यावर किती" असा असताना ते लिहिलं, एवढाच घोटाळा.

कागदावरून वर्कशॉपमध्ये

पेपरात गणित इथे संपतं. पण हाच बोल्ट खरोखर लावायचा असेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, आटे. आपण पूर्ण २० मिमी व्यास धरला, पण आट्यांच्या जागी धातू खोदला गेलेला असतो. एम २० च्या २.५ पिचच्या बोल्टला आट्यांतलं उपयोगी क्षेत्रफळ २४५ मिमी² धरतात. म्हणजे फक्त आवळल्यावर आट्यांत ४६,५०० ÷ २४५ = सुमारे १९० न्यू/मिमी², आणि ३० किलोन्यूटनची ओढ आल्यावर ६२,३०० ÷ २४५ = सुमारे २५४. आता बोल्टच्या डोक्यावर ४.६ लिहिलेलं असेल तर त्याचा यील्ड पॉइंट २४० आहे. (पहिला आकडा ४ म्हणजे तुटण्याचं प्रतिबल ४००, आणि .६ म्हणजे त्याच्या ६० टक्क्यांवर यील्ड.) हा बोल्ट आवळताना काही तक्रार करणार नाही. ओढ आली की आट्यांत तो कायमचा लांबेल, आणि ओढ गेल्यावर नट थोडा ढिला झालेला सापडेल. नट "आपोआप" ढिला झाला असं लोक म्हणतात, त्यातल्या काही वेळा खरं कारण हे असतं. इथे ८.८ चा बोल्ट घ्यायला हवा, त्याचा यील्ड ६४० आहे.

दुसरी, पाव फेऱ्याची सुरुवात. समजा वॉशरखाली बर राहिली होती, आणि पहिले ०.१ मिमी ती चेपण्यातच गेले. मग खरं आवळणं ०.५२५ मिमीच झालं. आपली समीकरणं सरळ प्रमाणाची आहेत, म्हणून प्रतिबलंही त्याच प्रमाणात घटतात. बोल्टमध्ये १४८ ऐवजी सुमारे १२४. पाना पूर्ण पाव फेरा फिरलेला दिसतो, पण जोडणी १६ टक्के कमी घट्ट.

हे कळायचं कसं? टॉर्कच्या पान्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण हातातला बराचसा जोर आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणातच जातो. ढोबळ सूत्र आहे टॉर्क = ०.२ × बल × व्यास. त्याप्रमाणे ४६.५ किलोन्यूटनसाठी सुमारे १८६ न्यूटन-मीटर लागतील. पण आट्यांना तेल लावलं आणि तो ०.२ चा आकडा ०.१५ झाला, तर त्याच टॉर्कला बल एक तृतीयांशाने वाढतं. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे बोल्टची लांबी आवळण्याआधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजणं. फरक ०.२९६ च्या जवळ आला तर गणित आणि जोडणी दोन्ही बरोबर. ०.२५ च आला तर समजा, कुठेतरी ०.१ मिमी चेपाचेपीत गेले.

तुमच्यासाठी

आता एक गणित स्वतः करा. सगळं तसंच, फक्त नळी ॲल्युमिनियमची, यंगचा गुणांक ७०,००० न्यू/मिमी². पाव फेरा आवळल्यावर प्रतिबलं काढा. सोडवण्याआधी अंदाज बांधा : बोल्टचं प्रतिबल १४८ पेक्षा जास्त येईल की कमी, आणि का? मग आकडे काढा. उत्तर : नळीत ६७.१ आणि बोल्टमध्ये १२०.८ न्यू/मिमी². लांबीचा ताळा करायला विसरू नका, बेरीज ०.६२५ आलीच पाहिजे.